‘ची’ म्हणजे ऊर्जा नाही आणि ‘वू वेइ’ म्हणजे हातावर हात ठेवणं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘ची’ आणि ‘वू वेइ’ या दोन चिनी शब्दांच्या अर्थावरच्या माझ्या मागच्या लेखाला आलेली वाचकाची प्रतिक्रिया:

“लेख वाचला, पण पटला नाही. मी सहा वर्षं ताई ची करतोय, आमचे सर पहिल्या दिवसापासून सांगतात की ची म्हणजे एनर्जी, आणि करताना हाताला ती जाणवते पण. आपला प्राण तोच. वू वेइ म्हणजे काही न करणं, म्हणजे साधारण आपलं निष्काम कर्म. सगळं जग हेच शिकवतं. शब्दांचा एवढा कीस पाडून काय मिळतं? अर्थ पोचला की झालं ना.”

नमस्कार दादा,

सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून थँक्स. तुमच्या हाताला जे जाणवतं त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, तो तुमचा अनुभव आहे. माझं म्हणणं फक्त त्याला दिलेल्या नावाबद्दल आहे, आणि नाव चुकलं की अर्थ पोचतच नाही, दुसराच काहीतरी पोचतो, असं मला खरंच वाटतं. म्हणून जरा लांब लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी एक छोटी गोष्ट, कारण ती तुमच्या पहिल्याच वाक्यात आहे. ताई ची मधला ‘ची’ हा तो ‘ची’ नाहीच. आपण देवनागरीत दोन्ही सारखंच लिहितो म्हणून गोंधळ होतो, पण चिनीत ती दोन वेगळी अक्षरं आहेत, उच्चारही वेगळे आहेत. ताई ची मधल्या अक्षराचा मूळ अर्थ घराचं आढं, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरचं आडवं लाकूड, आणि त्यावरून टोक, परमसीमा. आपण ज्या ‘ची’बद्दल बोलतोय तो चीगोंग या श्वासाच्या चिनी व्यायामप्रकारातला. त्याचा उच्चार खरं तर ‘छी’च्या जवळ जातो, पण मराठीत ‘छी’ लिहिलं की वाचणारा भलतंच समजेल म्हणून मी ‘ची’च लिहितो.

आता तो शब्द. इ.स. १०० च्या सुमाराला शू शन नावाच्या विद्वानाने चिनी अक्षरांचा कोश केला, त्यात या अक्षराच्या साध्या रूपाचा अर्थ सरळ दिलाय: ढगांची वाफ. डोंगरावर पावसाळ्यात धुकं चढतं ना, ते. नंतर ज्या अक्षराने हा शब्द लिहायला लागले त्यात खाली तांदळाचं चिन्ह आहे, आणि त्यावरून ‘शिजणाऱ्या भातातून येणारी वाफ’ अशी गोष्ट सगळीकडे सांगतात, ऐकायला छान आहे, पण त्याच कोशात त्या तांदूळवाल्या अक्षराचा अर्थ ‘पाहुण्याला द्यायचं धान्य आणि जनावरांचा चारा’ असा दिलाय. म्हणजे भाताच्या वाफेची गोष्ट नंतर जोडलेली असावी. पण गाभा तोच राहतो: वाफ, धुकं, हवा, श्वास. दिसते न दिसते अशी, हलणारी, जमणारी आणि विरणारी वस्तू. वस्तू हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

आजची चिनी घ्या. थ्येन-ची म्हणजे शब्दशः आकाशाची ची, आणि अर्थ हवामान. खुंग-ची म्हणजे रिकामी ची, अर्थ हवा. शंग-ची म्हणजे ची उत्पन्न होणं, अर्थ राग येणं. फी-ची म्हणजे प्लीहेची ची, अर्थ स्वभाव, तोही बहुतेक वेळा तापट. ख-ची म्हणजे पाहुण्याची ची, अर्थ औपचारिक अदब, आणि आपण ‘अहो, संकोच करू नका’ म्हणतो तिथे ते ‘ख-ची करू नका’ म्हणतात. या प्रत्येकात ऊर्जा घालून बघा. आकाशाची ऊर्जा म्हणजे हवामान? पाहुण्याची ऊर्जा करू नका? एकही वाक्य उभं राहत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चिनी माणसाला जेव्हा भौतिकशास्त्रातली एनर्जी म्हणायची असते, विजेची, उष्णतेची, जूलमध्ये मोजायची, तेव्हा तो ची म्हणतच नाही, त्याच्यासाठी नंग-ल्यांग असा वेगळाच शब्द आहे. ज्यांची भाषा आहे त्यांनीच हे दोन शब्द वेगळे ठेवलेत.

उलट आपल्या ‘हवा’ आणि ‘वारा’कडे बघा. आज हवा खराब आहे (हवामान). त्याच्या डोक्यात हवा गेलीय. निवडणुकीत कोणाची हवा आहे. अंगात वारं आलं. पोरांना वाऱ्यावर सोडलं. श्वासापासून हवामानापर्यंत, माणसाच्या ताठ्यापासून गावातल्या वातावरणापर्यंत एकच शब्द फिरतोय, आणि आपल्याला कधी वाटलं नाही की इथे काही गूढ शक्तीबद्दल बोलणं चाललंय. ची हा असा शब्द आहे. मराठी माणसाला तो ‘हवा’वरून जितका पटकन कळेल तितका ‘ऊर्जा’वरून कधीच कळणार नाही.

मग एनर्जी आली कुठून? त्यात जॉर्ज सूलिए द मोराँ या फ्रेंच माणसाचा मोठा वाटा आहे. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये फ्रेंच वकिलातीत होता, नंतर युरोपात त्याने अ‍ॅक्युपंक्चरचा प्रसार केला, १९३९ साली त्यावरच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग काढला, आणि त्यात ची साठी एनर्जी हा शब्द घेतला. त्या काळात विजेचं, रेडिओचं सगळ्यांना अप्रूप होतं, त्यामुळे अंगातून तारांसारख्या रेषा जातात आणि त्यातून एनर्जी वाहते हे चित्र युरोपियन वाचकाला झटकन पटलं. तिथून ते इंग्रजीत, आणि इंग्रजीतून आपल्या क्लासेसमध्ये आणि पोस्टर्सवर. म्हणजे तुमचे सर जे सांगतात ते चीनहून थेट आलेलं नाही, ते बरंचसं युरोपला वळसा घालून आलंय. सरांचा यात दोष नाही, त्यांनाही तसंच शिकवलं गेलं असणार.

आता तुम्ही म्हणाल ठीक आहे, पण बिघडलं काय? इथे एक जुनी केस सांगतो, मला फार आवडते. इ.स.पू. ५४१. चिन नावाच्या राज्याचा राजा आजारी पडला. ज्योतिषांनी कौल लावला आणि दोन देवतांची नावं घेतली, की यांचा कोप झालाय. मग शेजारच्या छिन राज्याने (नावं सारखी वाटतात, राज्यं दोन वेगळी) आपला एक वैद्य पाठवला, त्याला इतिहासात वैद्य ह म्हणतात. त्याने राजाला तपासलं आणि सांगितलं की हे भुताखेताचं नाही आणि खाण्यातूनही झालेलं नाही. आकाशाच्या सहा ची आहेत: सावली, ऊन, वारा, पाऊस, अंधार आणि उजेड. यातली कुठलीही प्रमाणाबाहेर गेली की आजार होतो. सावलीचा अतिरेक झाला तर थंडीचे आजार, उन्हाचा झाला तर तापाचे, वाऱ्याचा झाला तर हातापायांचे, पावसाचा झाला तर पोटाचे, अंधाराचा झाला तर भ्रमाचे, उजेडाचा झाला तर मनाचे. आणि राजाचा आजार स्त्रीसंगाच्या अतिरेकाचा आहे, रात्रीचा अतिरेक, त्यामुळे आत ताप आणि बुद्धीला भ्रम. बरा होणार नाही, हेही त्याने तोंडावर सांगितलं.

त्याचं निदान बरोबर की चूक ते बाजूला ठेवा. तो करत काय होता ते बघा. देवांचा कोप म्हणणाऱ्यांच्या समोर उभा राहून तो म्हणत होता की नाही, हे ऊनपावसाचं आणि दिनचर्येचं प्रकरण आहे. त्या दरबारात ची हे गूढ स्पष्टीकरण नव्हतं, गूढ स्पष्टीकरणाच्या विरुद्धचं, रोजच्या जगातलं स्पष्टीकरण होतं. आणि आपण आज ‘कॉस्मिक एनर्जी’ म्हणून तोच शब्द पुन्हा गूढ करून ठेवलाय. मला याचंच वाईट वाटतं. सहा ची ऐवजी सहा ऊर्जा लिहून बघा, पावसाची ऊर्जा, अंधाराची ऊर्जा, वैद्याचा सगळा मुद्दाच जातो.

दुसरं नुकसान थेट उपचारातलं आहे. एनर्जी म्हटलं की डोक्यात बॅटरी येते: कमी झाली, चार्ज करा, वाढवा, जास्त असेल तितकी चांगली. चिनी वैद्यकात ची कमी पडणं आहेच, पण तेवढंच नाही. ची तुंबते. ची उलटी फिरते. पोटाची ची खाली जायला हवी, ती वर आली की उचकी, ढेकर, उलटी. फुप्फुसाची ची खाली उतरायची ती वर उसळली की खोकला. जुन्या वैद्यकग्रंथात एक यादी आहे: रागाने ची वर चढते, भीतीने खाली जाते, दुःखाने विरते, फार विचार केल्याने तिची गाठ बसते. राग अनावर झाल्यावर डोकं तापतं, चेहरा लाल होतो, हे आपणही पाहिलंय, आणि भीतीने पोटात गोळा येतो, पाय गळतात. वाफेला दिशा असते, ती कोंडते, तिला वाट करून द्यावी लागते. कुकरची वाफ कोंडली तर तुम्ही आणखी वाफ भरत नाही ना? चिनी वैद्य उचकीवाल्या पेशंटची ची वाढवत नाही, खाली उतरवायला बघतो. बॅटरीच्या चित्रात हे बसतच नाही.

इथे एक स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज होईल. ची नावाचं काही यंत्रावर मोजलं गेलंय असं मी म्हणत नाहीये, तसं झालेलं नाही. आणि एनर्जी शब्दाचा खरा तोटा इथेही आहे, कारण एनर्जी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं विज्ञानाने हे सिद्ध केलंय, मग लोक मीटर विकायला येतात. वाफ, हवा म्हटलं तर असा खोटा आव येत नाही.

प्राणाचं म्हणाल तर तुलना एनर्जीपेक्षा नक्कीच जवळची आहे, दोन्ही श्वासापासून सुरू होतात. पण आपण प्राण म्हटलं की तो जिवंत देहातला. ची दगडातही आहे. अकराव्या शतकात चांग त्साय नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला, तो म्हणतो की ची गोठते आणि विरते, जसं पाण्याचं बर्फ होतं आणि पुन्हा पाणी होतं. डोंगर, माणूस, ढग, सगळी गोठलेली ची. ते प्राणापेक्षा आपल्या पंचमहाभूतांच्या जवळ जातं, आणि तेही पुरतं नाही. म्हणून मी लेखात ची तशीच ठेवली आणि जिथे जसा अर्थ आहे तिथे वाफ, हवा, श्वास असं लिहिलं.

आता वू वेइ. ‘वू’ म्हणजे नसणे, हे सोपं आहे. सगळी गोम ‘वेइ’मध्ये आहे आणि तिकडे कोणी बघतच नाही. वेइ म्हणजे करणं, पण कसलं करणं? या अक्षराचं सगळ्यात जुनं रूप साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या, कौल लावायच्या हाडांवर सापडतं, आणि त्यात एक हात आहे आणि एक हत्ती आहे. हात हत्तीला धरून नेतोय, कामाला लावतोय. (तेव्हा आजच्या हनान प्रांतात हत्ती होते, आणि त्या प्रांताच्या एकाक्षरी नावात अजूनही हत्तीचं चिन्ह आहे.) पुढे याच अक्षराला माणसाचं चिन्ह जोडून जो शब्द झाला त्याचा अर्थ बनावट, कृत्रिम, खोटं. म्हणजे वेइ मध्ये नुसतं ‘करणं’ नाही, वस्तूला आपल्या मनासारखं वळवणं, घडवणं, रेटणं आहे. अर्थ नेहमी एवढा ठळक नसतो, साध्या वाक्यात वेइ म्हणजे साधं करणंच, पण लाओत्स या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या वचनांच्या ग्रंथात जिथे वेइ वाईट ठरतं तिथे हा रेटाच डोळ्यासमोर आहे. ‘जो वेइ करतो तो बिघडवतो, जो धरून ठेवतो तो गमावतो’ असं तिथे म्हटलंय. आणि तिथेच ‘वू वेइ करा’ असंही आहे, म्हणजे ती करायची गोष्ट आहे.

त्याच ग्रंथात साठाव्या प्रकरणात एक ओळ आहे: मोठं राज्य चालवणं म्हणजे बारीक मासे शिजवण्यासारखं. कोकणातल्या वाचकाला यावर टीप लागणार नाही. मांदेलीच्या कालवणात कोणी डाव घालून फिरवत नाही, टोप दोन्ही हातांनी धरून अलगद हलवतात, नाहीतर माशाचा भुगा. पण म्हणून घरातली बाई तिथे काही करत नाही असं म्हणाल का? आच बघते, आंबट कधी घालायचं ते बघते, कधी उतरवायचं ते बघते. ती फक्त ढवळत नाही. आणि बघा, मराठीत दुसऱ्याच्या कामात नको तिथे हात घालण्याला शब्द कुठला आहे? ढवळाढवळ! इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या हान फेइ या विचारवंताने या ओळीवर हेच लिहिलंय की मासे सारखे ढवळले तर त्यांची तकाकी जाते, आणि कायदे सारखे बदलले तर प्रजेला त्रास होतो. वू वेइला मला मराठीत सापडलेला सगळ्यात चांगला शब्द ‘ढवळाढवळ न करणं’ हाच आहे.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं त्याची एक खरी केस, सिमा च्येन या इतिहासकाराने लिहून ठेवलेली. छिन साम्राज्य इ.स.पू. २०६ मध्ये कोसळलं, कडक कायदे, सक्तीची मजुरी, त्यावर युद्धं, लोक पार पिचलेले. नवीन हान राजवटीचा पहिला पंतप्रधान श्याओ ह, त्याने कायदे बसवले. तो इ.स.पू. १९३ मध्ये वारला आणि जागेवर त्साओ शन आला. त्याने काहीही बदललं नाही. दिवसरात्र दारू प्यायचा. कोणी अधिकारी काही सुचवायला आला की त्याला प्यायला बसवायचा, तो बोलायला लागला की पुन्हा पेला भरायचा, शेवटी माणूस झिंगून परत जायचा. तरुण बादशहाला वाटलं हा आपल्याला जुमानत नाही. त्याने त्साओ शनच्या मुलाला सांगितलं की बापाला घरी हळूच विचार. मुलाने विचारलं आणि दोनशे फटके खाल्ले. मग बादशहाने दरबारात स्वतःच विषय काढला. त्साओ शनने टोपी काढून माफी मागितली आणि विचारलं, महाराज, तुम्ही थोर की तुमचे वडील? बादशहा म्हणाला, माझी काय बिशाद. आणि मी थोर की श्याओ ह? बादशहा म्हणाला, तू जरा कमीच वाटतोस. मग तो म्हणाला, अगदी बरोबर, त्या दोघांनी राज्य स्थिर केलं, कायदे स्पष्ट करून ठेवले, आता तुम्ही शांत बसा, आम्ही आपापली जागा सांभाळतो, आहे ते नीट पाळतो, हे पुरेसं नाही का?

इथपर्यंत वाचलं तर तुमचं ‘काही न करणं’ खरं वाटेल. पण त्याच गोष्टीत दोन तपशील आहेत जे लोक गाळतात. एक, पदावर आल्या आल्या त्याने माणसं बदलली. बोलायला अडखळणारे पण भारदस्त, वयस्क, सरळ असे अधिकारी शोधून आणले, आणि कायद्याच्या शब्दावर बोट ठेवून नाव कमवायला बघणारे कडक कारकून काढून टाकले. दोन, आधी तो छी नावाच्या सत्तर शहरांच्या राज्याचा कारभारी होता, तिथून निघताना त्याने पुढच्या माणसाला एकच गोष्ट बजावली, इथल्या तुरुंगांना आणि बाजारांना धक्का लावू नकोस. म्हणजे कुठे हात घालायचा आणि कुठे नाही हे त्याने नीट ठरवलं होतं. न ढवळणं हा निर्णय होता, आणि तो टिकवायला ढवळणारी माणसं आधी बाजूला करावी लागली. सिमा च्येन शेवटी लिहितो की छिनच्या जुलमातून नुकत्याच सुटलेल्या लोकांना याने विसावा आणि वू वेइ दिलं, म्हणून सगळ्यांनी त्याची वाखाणणी केली. शब्द तोच, वू वेइ.

याला मर्यादाही होत्या, ते लपवत नाही. पुढे वन आणि चिंग या दोन बादशहांनी हेच धोरण चालवलं, शेतसारा इ.स.पू. १६७ मध्ये माफ केला, १५६ मध्ये परत लावला तो उत्पन्नाच्या तिसाव्या हिश्श्यावर, लोक सावरले. पण ज्या राजपुत्रांना प्रांत वाटून दिले होते तेही त्याच मोकळीकीत बळावले आणि इ.स.पू. १५४ मध्ये सात जणांनी मिळून बंड केलं. विसावा प्रजेला मिळाला तसा त्यांनाही मिळाला.

निष्काम कर्माबद्दल. तिथे प्रश्न फळाच्या आशेचा आहे, कर्म पूर्ण जोरात करा, फळावर हक्क सांगू नका. वू वेइ फळाबद्दल बोलतच नाही, ते करण्याच्या पद्धतीबद्दल बोलतं. च्वांगत्स या दुसऱ्या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथातला खाटीक आठवा, मागच्या लेखात होता. साधा खाटीक महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला, याची एकोणीस वर्षं तीच सुरी आणि धार कालच लावल्यासारखी, कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातल्या फटीतून पातं नेतो. त्याला फळ हवंय की, बैल सुटा व्हायलाच हवा आहे, काम झाल्यावर तो समाधानाने सुरी पुसून ठेवतो. आणि अवघड गाठ आली की तो काय करतो ते बघा: सावध होतो, नजर एका जागी ठेवतो, हात मंद करतो, सुरी अगदी किंचित हलवतो. ‘आपोआप होऊ दे’ म्हणून सोडून देत नाही. उलट तिथेच त्याचं लक्ष सगळ्यात जास्त लागतं.

शेवटचं, कारण हे दोन्ही शब्द मी एकाच लेखात का घेतले असं तुम्ही विचाराल. च्वांगत्सच्याच चौथ्या प्रकरणात कन्फ्यूशियसचा शिष्य यान हुइ एका जुलमी तरुण राजाला सुधारायला निघालाय, त्याच्याकडे योजना तयार आहेत. गुरू म्हणतो असा गेलास तर मारला जाशील, आधी मनाचा उपास कर. कानाने ऐकू नकोस, मनाने ऐक, मनानेही नको, ची ने ऐक. कान ऐकण्यापाशी थांबतो, मन आपल्याला माहीत असलेल्याशी जुळवण्यापाशी थांबतं, ची मात्र रिकामी असते आणि समोरच्याची वाट बघते. आता इथे ‘ऊर्जेने ऐक’ वाचा, भरलेली, धक्का देणारी काहीतरी शक्ती डोळ्यासमोर येईल, गुरू सांगतोय त्याच्या बरोबर उलट. आणि ‘हवेसारखा मोकळा होऊन ऐक’ असं वाचा. तुमच्या हाताला जे जाणवतं ते यातल्या कशासारखं आहे, हे पुढच्या वेळी करताना बघून मला नक्की कळवा, मला खरंच ऐकायचंय.